वाटाण्याएवढं म्हणजे नेमकं केवढं?

"सीरमची ३० मिलिची बाटली मला जेमतेम तीन आठवडे पुरते. क्रीमची ५० ग्रॅमची डबी संपायला मात्र पाच महिने लागले. फेसवॉशचे तीन पंप घेते, १५० मिलिची बाटली महिन्यात संपते. सगळं सकाळ-रात्र लावते. तरी चेहरा ताणतो, आणि सीरमवर क्रीम चोळलं की खोडरबराच्या चुऱ्यासारख्या वळ्या निघतात. कुणी वाटाण्याएवढं म्हणतं, कुणी चार थेंब, कुणी एक पंप. नेमकं किती घ्यायचं?"

बाटली किती दिवस पुरली हे तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं. क्लिनिकमध्ये "किती लावता?" असं विचारलं की जवळजवळ प्रत्येक जण "थोडंसंच" म्हणतो, आणि त्या थोडंसंचा काही हिशोब लागत नाही. बाटली मात्र खोटं बोलत नाही. गेली सोळा वर्षं त्वचारोगाची प्रॅक्टिस करतेय, आणि आता मी आधी हेच विचारते: ही ट्यूब कधी फोडली होती?

तर तुमच्याच आकड्यांचा भागाकार करू. तीन आठवडे म्हणजे २१ दिवस, दिवसातून दोनदा म्हणजे ४२ वेळा. ३० मिलिला ४२ ने भागलं की दर वेळी साधारण ०.७ मिलि सीरम येतं. क्रीम पाच महिने, म्हणजे दीडशे दिवस, तीनशे वेळा. ५० ग्रॅमला ३०० ने भागलं की हातात येतो ०.१७ ग्रॅम. फेसवॉश ६० वेळा १५० मिलि, म्हणजे एका वेळी अडीच मिलि. पंप तीन, म्हणून तुमचा एक पंप साधारण ०.८ मिलिचा.

हे तीन आकडे शेजारी ठेवले की तुमच्या दोन्ही तक्रारींचा धागा दिसतो. साबणाचा भाग जास्त, पाण्यासारखं सीरम भरपूर, आणि त्यावर झाकण म्हणून जे क्रीम यायला हवं ते सीरमच्या चौथ्या हिश्श्याएवढं. तुमचं उत्पादन चुकलेलं असेलच असं नाही. मापं मात्र उलटी पडली आहेत.

आता वाटाणा. हे माप मला मनापासून आवडत नाही, कारण आपल्याकडे एक शेंगेतला ताजा मटार असतो आणि एक वाळलेला वाटाणा असतो. वाळलेला सहा मिलिमीटर व्यासाचा धरा, ताजा टपोरा दहा मिलिमीटरचा. डोळ्याला फरक पावणेदोन पटीहूनही कमी दिसतो. पण गोळ्याचं आकारमान व्यासाच्या घनाने वाढतं, त्यामुळे सहा मिलिमीटरच्या गोळ्यात ०.११ मिलि मावतं आणि दहा मिलिमीटरच्यात ०.५२. जवळजवळ पाचपट! शिवाय ट्यूबमधून निघालेला ठिपका कधी गोल नसतोच. घट्ट क्रीमचा उभा राहतो, जेलचा पसरून चपटा होतो आणि उगाच मोठा दिसतो.

माझ्या टेबलावर ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा असतो. समोरच्याला त्याच्या रोजच्या ट्यूबमधून काचपट्टीवर "वाटाण्याएवढं" काढायला सांगते आणि काट्यावर ठेवते. एकदा नवरा-बायको एकच ट्यूब घेऊन आले होते. तिचा वाटाणा ०.१५ ग्रॅमचा निघाला, त्याचा ०.६ चा. दोघंही एकमेकांकडे "तू चुकतोयस" अशा नजरेनं बघत होते, आणि दोघंही आपापल्या वाटाण्याशी प्रामाणिक होते. त्वचेच्या औषधांच्या बाबतीत आम्ही वाटाणा म्हणतो तेव्हा मनात आठ मिलिमीटरचा, म्हणजे पाव ग्रॅमच्या आसपासचा गोळा असतो. या पुढे मी वाटाणा म्हणेन तिथे पाव ग्रॅम समजा.

पाव ग्रॅम कुणाला पुरतं आणि कुणाला नाही हे ठरवायला चेहऱ्याचं क्षेत्रफळ लागतं. आपल्या हाताचा पंजा, म्हणजे बोटं जुळवलेला तळहात, साधारण १५० चौरस सेंटिमीटर असतो. मान सोडून नुसता चेहरा अडीच पंजांच्या आसपास भरतो, म्हणजे ३५० ते ४००. मान धरली तर सहाशेच्या घरात जातो. १९९१ साली लाँग आणि फिनले या दोन डॉक्टरांनी मलमांसाठी एक सुटसुटीत माप सुचवलं. पाच मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत मलमाची एक पट्टी काढायची. ती पुरुषाच्या बोटावर साधारण अर्धा ग्रॅम भरते, बाईच्या बोटावर थोडी कमी, आणि दोन पंजांएवढ्या त्वचेला पुरते. आम्ही त्याला फिंगरटिप युनिट म्हणतो. मी इथे "एक पेर" म्हणते.

पेराचं माप मला वाटाण्यापेक्षा चांगलं वाटतं, याचं कारण साधं आहे: मोठ्या माणसाचं बोट मोठं असतं आणि चेहराही मोठा असतो. माप माणसाबरोबर वाढतं. वाटाणा वाढत नाही. फक्त ट्यूबचं तोंड बघून घ्या. सुईसारखं बारीक असेल तर एका पेराच्या पट्टीत अर्धा ग्रॅम येणार नाही, दोन पट्ट्या लागतील.

क्रीमपासून सुरुवात करते, कारण तुमची मुख्य चूक तिथे आहे. चेहऱ्याला एक पेर, म्हणजे अर्धा ग्रॅम, म्हणजे दोन वाटाणे. मान घेतली तर आणखी अर्धं ते पाऊण पेर. अर्धा ग्रॅम ४०० चौरस सेंटिमीटरवर पसरलं की थर बारा मायक्रॉनच्या आसपास बसतो, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीचा आठवा-नववा भाग. हे फार कमी वाटतं, पण चेहऱ्यावरचा मृत पेशींचा वरचा पापुद्राही साधारण त्याच जाडीच्या घरात असतो. पापुद्र्याएवढाच एक थर वर चढवायचा, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. तुमचे ०.१७ ग्रॅम पसरले तर थर चार मायक्रॉनचा होतो. त्वचा काचेसारखी सपाट नसते, तिच्यावर बारीक खाचा आणि उंचवटे असतात. इतका पातळ थर खाचांत उतरतो आणि उंचवटे उघडे राहतात. लावताना हात सरकतो म्हणून लावल्यासारखं वाटतं, तासाभरात गाल पुन्हा ताणतो.

पुरेसं झालं की नाही हे कळायला काटा लागत नाही. क्रीम लावून पाच मिनिटं थांबा आणि बोटाची पाठ गालावरून फिरवा. बोट अडखळत, कोरडं सरकलं तर कमी पडलंय. किंचित धरून, मऊ सरकलं तर बरोबर. बोट घसरलं आणि बोटाला चकाकी आली तर जास्त झालंय. त्या वेळी टिशू पेपर हलके दाबून वरचं टिपून घ्या, पुसू नका. आणि दुसऱ्या दिवसापासून पाव पेर कमी करा. एक सावधानता: ही परीक्षा क्रीमची आहे. तेलाचा अंश जास्त असलेलं मलम घेतलं तर ते योग्य मापातही चकाकतंच, तिथे अर्धं पेर पुष्कळ झालं.

आता थेंब. एक मिलित वीस थेंब हा हिशोब औषधाच्या ड्रॉपरचा आणि पाण्याचा आहे. सीरम पाणी नसतं. थेंब केवढा होणार हे काचनळीच्या टोकाची रुंदी आणि द्रवाचा पृष्ठताण मिळून ठरवतात. तेलाचा पृष्ठताण पाण्याहून बराच कमी असल्यामुळे त्याच नळीतून तेलाचा थेंब लहान पडतो. म्हणून चेहऱ्याच्या तेलाचे चार थेंब आणि पाण्यासारख्या सीरमचे चार थेंब हे एक माप नाही. घट्ट, जेलसारखं सीरम तर थेंब सोडतच नाही. त्याची तार लोंबते आणि तुम्ही कंटाळून फुगा दाबता.

तुमचा घोटाळा बहुधा इथेच आहे. ०.७ मिलि कुणी थेंब मोजून घेत नाही. तीस मिलिच्या बाटलीवरचा रबरी फुगा एकदा दाबून सोडला की नळीत बहुतेक अर्धा ते पाऊण मिलि चढतं, आणि तुम्ही ती आख्खी नळी चेहऱ्यावर रिकामी करत असणार. नळी भरते तेवढा डोस असं अनेकांना वाटतं. नळी फक्त बाटलीतून द्रव वर काढण्यासाठी आहे, मापासाठी नाही.

पाण्यासारख्या सीरमला चेहऱ्यासाठी पाव मिलि पुरतं, म्हणजे चार ते पाच थेंब. मानेसाठी आणखी दोन. थेंब तळहातावर घ्या, चेहऱ्यावर सोडू नका. एक तर नळी गालाला टेकते आणि तिच्यावरचे जंतू बाटलीत जातात. दुसरं म्हणजे थेंब हनुवटीकडे ओघळतो आणि एकाच पट्ट्यात सगळं बसतं. तळहातावर घेतलं तर थोडं हाताला लागून वाया जातं हे खरं, पण दोन बोटांनी उचलून लावलं तर फार नाही.

"पाव मिलि एवढ्याशानं काय होणार?" हा पुढचा प्रश्न ठरलेला आहे. पातळ थरात लावलेलं सक्रिय द्रव्य त्वचेत किती शिरणार हे मुख्यतः त्वचेला प्रत्यक्ष भिडलेल्या थरात त्याचं प्रमाण किती आहे यावर ठरतं. दहा टक्के नायासिनामाइडचा पातळ थर आणि जाड थर, दोन्हीत त्वचेला भिडलेला भाग दहा टक्क्यांचाच. जाड थर जास्त वेळ ओला राहतो म्हणून काही भर पडते, पण तिप्पट सीरम म्हणजे तिप्पट परिणाम असा हिशोब बसत नाही. चुरचुर मात्र वाढू शकते. आम्लधर्मी क जीवनसत्त्वाचं सीरम जास्त घेतलं की ते नाकाच्या कडेला आणि ओठांच्या कोपऱ्यात साचतं, आणि तिथेच लालसर होतं. गाल ठीक आणि कोपरे लाल असं दिसलं की मी आधी मापावरच संशय घेते.

तुमच्या वळ्यांचं मूळही बहुधा याच जास्तीच्या थरात आहे. सीरममधलं पाणी उडून गेलं की मागे ग्लिसरीन, हायलुरोनिक आम्ल आणि सीरमला दाटपणा देणारे पदार्थ उरतात. कार्बोमर, झँथन गम अशी नावं डब्यावर दिसतील. पातळ थर वाळून त्वचेला चिकटून बसतो. जाड थराचा वरचा भाग मात्र नीट धरत नाही. त्यावर हात फिरला की तो पापुद्रा सुटतो आणि गुंडाळला जातो, अगदी तळव्यावर वाळलेला गोंद चोळल्यासारखा. त्यात तुम्ही घेतलेलं क्रीम इतकं कमी की बोट घसरायला पुरेसं वंगणच नाही, म्हणून चोळणं वाढतं. दोन्ही मापं एकाच दिशेनं वळ्या वाढवतात.

खात्री करायची असेल तर एक संध्याकाळ द्या. आज डाव्या गालावर रोजच्याइतकं सीरम, उजव्यावर दोनच थेंब. पाच मिनिटं काही करू नका. मग क्रीम न लावता कोरड्या बोटानं दोन्ही गाल हलके चोळा. डावीकडे वळ्या आल्या आणि उजवीकडे नाहीत, तर प्रश्न प्रमाणाचा आहे आणि तो सुटला. क्रीमशिवाय कुठेच वळ्या नाहीत, पण क्रीम लावताच दोन्हीकडे येतात, तर त्या दोन उत्पादनांचं एकमेकांशी जमत नाही. सिलिकॉन जास्त असलेलं क्रीम पाण्याच्या जेलवर असं बऱ्याचदा करतं. तिथे माप कमी-जास्त करून उपयोग नाही. एक सकाळी आणि दुसरं रात्री वापरा, किंवा दोनातलं एक बदला.

पंप या मापाबद्दल माझं मत आणखी वाईट आहे, कारण ते माप आहे असं दिसतं. दाबला की ठराविकच येणार असं वाटतं. पण सीरमच्या छोट्या पंपातून एका दाबात पाव मिलिही येत नाही आणि अंगाच्या लोशनच्या मोठ्या पंपातून दोन मिलि येऊ शकतं. "एक पंप" हा सल्ला त्या एका बाटलीपुरताच खरा. बाटली बदलली की पुन्हा मोजायचं.

मोजणं सोपं आहे. खोकल्याच्या औषधाबरोबर येतो तो मापाचा कप घ्या. नव्या बाटलीचे पहिले चार-पाच दाब सोडून द्या, कारण नळीत हवा असते. मग दहा पूर्ण दाब कपात घ्या आणि आलेल्या मिलिला दहाने भागा. अर्धवट दाबू नका, पंप तळापर्यंत जाऊ द्या. अर्धा दाब म्हणजे अर्धं माप असं होतंच असं नाही. मोजून झालेलं फेकायची गरज नाही, झाकून ठेवून दोन दिवसांत वापरून टाका. हे फेसवॉशपुरतं म्हणतेय. सीरम असं उघडं ठेवू नका. फेस देणारा पंप असेल तर कपात फक्त फेस दिसेल, तिथे बाटली काट्यावर ठेवून दहा दाबांआधी आणि दहा दाबांनंतरचं वजन बघा.

तुमच्या फेसवॉशचा पंप भागाकारातून ०.८ मिलिचा निघालाच आहे. जेल किंवा क्रीमसारख्या फेसवॉशला चेहऱ्यासाठी एक मिलिच्या आसपास पुरे, म्हणजे तुमचा एक पंप. तीनची सवय फेसामुळे लागते. फेस भरपूर आला नाही तर स्वच्छ झालं नाही असं वाटतं, पण फेस किती येणार हे पाणी, हवा आणि साबणी द्रव्याचा प्रकार ठरवतात, मळ किती निघाला ते नाही. हात आधी चांगले ओले करा, एक पंप तळहातात पाण्याबरोबर पसरवा आणि मग चेहऱ्यावर घ्या. एकाच पंपात पुरेसा फेस येईल. वीस ते तीस सेकंद बोटं फिरवली की झालं.

जास्त घेण्याचा तोटा मुख्यतः धुण्याच्या टप्प्यावर होतो. अडीच मिलि दोन ओंजळी पाण्यात निघत नाही. केसांच्या कडेला, कानासमोर, जबड्याखाली ते राहून जातं, आणि उरलेलं साबणी द्रव्य त्वचेतली चरबी आणि ओलावा धरणारी द्रव्यं ओढत राहतं. ताण नेमका याच कडांना जास्त जाणवतो का ते बघा. नीट तपासायचं तर चेहरा एका पंपानं धुवा, टिपून घ्या आणि पंधरा मिनिटं काहीही लावू नका. पंधरा मिनिटांनी हसून बघा. गाल ओढल्यासारखे झाले नाहीत तर तीन पंपांचाच दोष होता. एका पंपानंही ताणत असतील तर फेसवॉशच तुमच्यासाठी तीव्र आहे, मग अर्धा पंप करत बसू नका, सौम्य बघा. आणि सकाळी नुसतं पाणी चालतं का तेही करून बघा. बऱ्याच कोरड्या चेहऱ्यांना चालतं.

मेकअप काढायचं तेल किंवा बाम याला मात्र हा नियम लावू नका. तिथे तेलाचं काम बोटाला घसरू देण्याचं असतं. दीड-दोन मिलिपेक्षा कमी घेतलं तर बोट त्वचा ओढतं आणि डोळ्यांभोवती लाली येते. कोरड्या हातांनी, कोरड्या चेहऱ्यावर, सढळ हातानं घ्या, आणि मग पाणी लावा.

काटेकोर वाटाणा लागतो तो रेटिनॉइडला. तुम्ही त्याचा उल्लेख केला नाहीत, पण पुढेमागे कुणी लिहून दिलं तर लक्षात असू द्या: ट्रेटिनॉइन किंवा अडापलीन संपूर्ण चेहऱ्याला एकच वाटाणा, पाव ग्रॅम. इथे माप वाढवलं तर मुरुमं लवकर जात नाहीत, सालपटं लवकर येतात. मागे एक मुलगी अडापलीनची २० ग्रॅमची ट्यूब २८ दिवसांत संपवून आली होती. रोज ०.७ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ तीन वाटाणे. हनुवटी सोललेली, ओठांचे कोपरे चिरलेले, आणि तिची समजूत अशी की औषध सोसत नाही. आठवडाभर बंद ठेवून, मग एक दिवसाआड एकाच वाटाण्यावर आणलं. तेच औषध पुढे सोसलं. पाव ग्रॅम चेहराभर पुरवायचं असेल तर वाटाणा एका जागी टेकवू नका. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी असे चार बारीक ठिपके करा, उरलेलं नाकावर, आणि प्रत्येक ठिपका बाहेरच्या बाजूला ओढा.

सनस्क्रीनला याच्या उलट. त्याच्या डब्यावरचा एसपीएफ दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. सहाशे चौरस सेंटिमीटरच्या चेहरा-मानेला ते १.२ ग्रॅम होतं. त्यासाठी तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत दोन पट्ट्या, हे सोपं माप आहे. इथे वाटाण्यावर भागवलं तर डब्यावरचा आकडा तुमच्यासाठी नाही.

हे सगळं सांगूनही काही गोष्टी तुमच्या तुम्हालाच बघाव्या लागतील. तेलकट कपाळ आणि कोरडे गाल असतील तर एक पेर सगळीकडे सारखं वाटायची गरज नाही, गालांना तीन वाटे आणि कपाळाला एक द्या. दाढी असेल तर केस बरंच पिऊन घेतात, तिथे दीड पेर लागतं. कोरड्या, थंड हवेत माप वाढतं, दमट हवेत कमी होतं. चेहरा किंचित ओला असताना लावलं तर तेवढंच क्रीम जास्त दूर जातं. रेटिनॉइडला मात्र चेहरा पूर्ण कोरडा हवा. ओल्या त्वचेवर ते जास्त चुरचुरतं.

तुमच्यासाठी आता एवढंच करा. उद्यापासून फेसवॉशचा एक पंप. तळहातावर सीरमचे चार थेंब, चेहऱ्यावर चोळायचं नाही, दाबत लावायचं. दोन-तीन मिनिटं जाऊ द्या. मग क्रीमचं एक पेर, पाच ठिपक्यांत. डबीतून क्रीम घेताना पेराची पट्टी काढता येत नाही, म्हणून पहिल्यांदा एखाद्या ट्यूबमधून पेरावर पट्टी काढून तेवढा ढीग नजरेत बसवा. मग डबीतून छोट्या चमच्याच्या टोकानं तेवढंच काढा.

एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या तर कशानं फरक पडला ते कळणार नाही, असं कुणी म्हणेल. एरवी मीही तेच म्हणते. पण तुमची तिन्ही मापं एकमेकांना खेचतायत, आणि तिन्ही आपल्या जागी आणायलाच हवीत.

नव्या बाटलीच्या आणि डबीच्या तळाला चिकटपट्टी लावून आजची तारीख लिहा. सीरमच्या बाटलीवर आज द्रव जिथे आहे तिथे पेननं एक रेघ मारा. या मापानं ३० मिलि सीरम दोन महिने जायला हवं, ५० ग्रॅम क्रीम ५० दिवस, आणि १५० मिलि फेसवॉश तीन महिने. पंधरा दिवसांनी सीरम पाव बाटली खाली गेलेलं असेल तर थेंब बरोबर पडतायत. अर्धी बाटली गेली असेल तर तुमचा थेंब मोठा आहे, दोनच घ्या. त्या दिवशी वळ्या, ताण आणि रेघ कुठे आहे ते लिहून कळवा, मग क्रीम बदलायचं की नाही ते बघू.